चौतीस लाखांची वळती

लालमहंमद सर वर्गात एक गोष्ट हमखास सांगत. रोख प्रवाह पत्रकाचं गणित सुटलं की नाही, हे मास्तराला विचारायचं नाही. शेवटची शिल्लक ताळेबंदातल्या रोकडीशी जुळली की वही मिटायची आणि घरी जाऊन जेवायचं. पोरं हसत. परीक्षेत त्यांना त्याचा उपयोगही होई, कारण परीक्षेतलं गणित त्याच बोलीवर रचलेलं असतं.

लातूरच्या मार्केट यार्डात त्यांचे वडील तोलाई करत. आडत्याच्या ओसरीवर वाढलेलं पोर एम.कॉम. झालं, याचं यार्डात बरंच कौतुक झालं होतं. नोकरी मात्र लागली नाही. मग त्यांनी बजरंग नावाच्या गृहस्थाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा हॉल भाड्यानं घेतला आणि अकाउंट्सचा क्लास काढला. काही वर्षं बाकं पुरत नसत. पुढं गावाला डॉक्टर-इंजिनिअरचं वेड लागलं. परभणी, बीड, उस्मानाबादहून आईबाप पोरांना घेऊन उतरू लागले. वाचनालय असलेल्या गाळ्यात भौतिकशास्त्र आलं, पिठाच्या गिरणीवर रसायनशास्त्र आलं. कॉमर्सला कोण येणार? ज्यांना विज्ञानाला प्रवेश मिळाला नाही ते.

"सर, माझं काही म्हणणं न्हाई," बजरंग दर महिन्याला जिन्यात गाठून म्हणे. "पण बायलॉजीवाले तिप्पट द्यायलेत."

"मार्चपर्यंत थांबा."

"मार्च तर दरसाल येतो की सर."

त्या वर्षी मात्र त्यांना खरोखर आशा होती, आणि तिचं नाव शेषेराव.

शेषेराव औसा तालुक्यातला शेतकरी. भूकंपात त्याचं घर गेलं, आई गेली, थोरला भाऊ गेला. सरांची त्याची ओळख तेव्हाचीच. मदतीचे पत्रे आणि ताडपत्र्या एका गोदामात येऊन पडल्या होत्या. हिशेब ठेवणारा कुणी हवा म्हणून तहसीलवाल्यांनी सरांना बोलावलं होतं. शेषेराव रांगेत उभा राहून पत्रे घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी दोन पत्रे परत घेऊन आला. जास्त आलेत म्हणाला. सरांनी त्याला चहा पाजला. तेव्हापासून शेषेराव त्यांना सर म्हणे, आणि पैशाचं कुठलंही काम त्यांना विचारल्याशिवाय करत नसे.

नव्या गावठाणात त्याचं मन रमलं नाही. जमीन चुलत्याला बटाईनं देऊन तो लातुरात आला आणि बायकोच्या नावावरून 'तुळजाई ट्रेडिंग प्रायव्हेट लिमिटेड' काढली. धंदा सरळ होता. डाळमिलकडून तूरडाळ आणि जनावरांना घालायची चुणी घ्यायची, हैदराबाद आणि सोलापूरच्या व्यापाऱ्यांना विकायची. जोडीला बारदाना, म्हणजे गोण्यांचा व्यापार. गोण्या त्याच डाळमिलना लागत. बँकेनं चाळीस लाखांची कर्जमर्यादा दिली होती आणि तिच्यावर सगळं चाललं होतं. दर वर्षी तिचं नूतनीकरण व्हायचं.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात शाखेत नवे साहेब आले. त्यांनी शेषेरावला बोलावून सांगितलं की नफा-तोटा आणि ताळेबंद पाहिला, आता रोख प्रवाह पत्रक आणा, आणि तेही प्रत्यक्ष पद्धतीनं.

"म्हंजी काय ओ सर?" शेषेराव थेट हॉलवर आला होता. समोर सात-आठ पोरं बसली होती.

सरांना फार दिवसांनी बरं वाटलं. सनदी लेखापाल नफ्यापासून सुरुवात करतात, त्यात घसारा मिळवतात, उधारी-साठ्याचे फरक वजा-अधिक करतात आणि मोकळे होतात. ती अप्रत्यक्ष पद्धत. प्रत्यक्ष पद्धतीत गिऱ्हाइकाकडून किती रोकड आली, माल देणाऱ्याला किती गेली, खर्चापोटी किती गेली, असं एकेक उघडं मांडावं लागतं. गावात ते मनापासून शिकवणारे सर एकटेच होते.

"म्हणजे पैसा कुठून आला आणि कुठं गेला, ते तोंडावर सांगायचं," सर म्हणाले. "दोन दिवसांत देतो."

"हे जमलं की तुम्ही आमच्याकडंच बसायचं. कायमचं. हॉल देऊन टाका त्या बजरंगाला." शेषेराव पोरांकडं वळला. "काय रं, सोडता का सरांना?"

"घेऊन जावा काका," मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला. "आमची फीबी वाचंल."

घरी बिलकीसनं हे ऐकलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "पगार किती म्हणाला?"

"विचारलं नाही."

"अजी, जगाचा हिशेब करता आणि पगार विचारत न्हाई?" ती म्हणाली, पण त्या दिवशी तिनं दुधावरची साय त्यांच्या वाटीत वाढली.

सरांनी काम क्लासच्या टेबलावर केलं. वर्षभराच्या व्यवहारांचा गोषवारा आणि दोन वर्षांच्या शिलका समोर होत्या. परीक्षेतल्या प्रश्नासारखंच सगळं. पोरांना जिवंत उदाहरण मिळतंय म्हणून त्यांनी फळ्यावरच मांडलं.

विक्री दोन कोटी चाळीस लाख. त्यातली रोखीची तीस, उधारीची दोनशे दहा. वर्षाच्या सुरुवातीला लोकांकडून येणं होतं अडतीस लाख, शेवटी सेहेचाळीस. "अडतीस आणि दोनशे दहा, झाले दोनशे अठ्ठेचाळीस. सेहेचाळीस अजून यायचेत. दोन लाख बुडाले, ते कधीच येणार नाहीत. मग हातात काय आलं?"

"दोनशे," पोरं म्हणाली.

"रोखीचे तीस धरून दोनशे तीस लाख. आता देणं." विकलेल्या मालाची किंमत दोनशे आठ लाख. साठा सव्वीसचा तेहेतीस झाला, म्हणजे सात लाखांचा माल जास्त घेतला. खरेदी दोनशे पंधरा, सगळी उधारीची. मिलवाल्यांचं देणं एकोणतीस होतं, चोवीस राहिलं. "म्हणजे चुकते केले दोनशे वीस." हमाली, भाडं, पगार असा खर्च सतरा लाख, पण शेवटी दोन लाख द्यायचे राहिले आणि गेल्या वर्षीचा एक लाख दिला, म्हणून रोख गेले सोळा. घसारा तीन लाख होता, त्यावर त्यांनी फुली मारली, कारण घसाऱ्यापायी कुणाच्या खिशातून काही जात नाही. कर एक लाख.

दोनशे तीसमधून दोनशे वीस, सोळा आणि एक गेले. धंद्यातून उणे सात. नव्या शेडला चार लाख गेले, जुना टेम्पो विकून दोन आले, उणे दोन. बँकेकडून वर्षात तेरा लाख जास्त उचलले, व्याज पाच भरलं, अधिक आठ. एकूण उणे एक. सुरुवातीची रोकड चार लाख. शेवटी तीन.

ताळेबंदात तीनच होती. सरांनी खडू ठेवला, हात झटकले.

धंद्यातून उणे सात आलं, हे त्यांना खुपलं. पण धंदा वाढतो तेव्हा उधारी वाढते, साठा वाढतो. साहेबांना ते समजावता येण्यासारखं होतं. शेषेरावनं संचालक म्हणून सही केली आणि पत्रक बँकेत गेलं.

चार दिवसांनी दोघांनाही बोलावणं आलं.

साहेब शांत माणूस होता. त्यानं पत्रकाशेजारी कंपनीच्या खात्याचा उतारा ठेवला होता. "गिऱ्हाइकांकडून दोनशे तीस लाख आले म्हणता. तुमच्याकडं खातं हे एकच?"

"एकच," शेषेराव म्हणाला.

"या खात्यात विक्रीचे जमा आहेत एकशे शहाण्णव लाख. चौतीस कमी. मला वाटलं, रोखीनं आले असतील, परस्पर खर्चले असतील. म्हणून दुसरी बाजू बघितली. माल देणाऱ्यांना दोनशे वीस दिले म्हणता. या खात्यातून गेले एकशे शहाऐंशी. पुन्हा चौतीस." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "चौतीस लाख दुसरीकडं कुठंतरी आले आणि तिथूनच गेले. ते खातं कुठल्या बँकेत आहे, एवढंच सांगा."

शेषेराव सरांकडं बघू लागला. आणि सरांना त्या क्षणी कळलं. अंगावर उकळतं पाणी पडावं तसं कळलं.

वळती. डाळमिलवाले गोण्या घेत, त्याचं शेषेरावला येणं. शेषेराव डाळ घेई, त्याचं मिलवाल्यांना देणं. पाडव्याच्या आधी दोघं गादीवर बसत, चहा येई, आणि येणं-देणं एकमेकांत वळतं केलं जाई. उरेल तेवढ्याचाच चेक. चौतीस लाखांचं येणं असं फिटलं होतं आणि चौतीस लाखांचं देणंही. एक पैसा हलला नव्हता. मुरूडच्या मिलमधल्या बैठकीला तर सर स्वतः हजर होते. वळतीची नोंद त्यांनीच आपल्या हातानं कंपनीच्या वहीत केली होती. वडिलांच्या आडतीवर लहानपणापासून हेच बघितलेलं. पण पत्रक मांडायला बसले तेव्हा यार्डातला माणूस उठून गेला आणि हातात खडू घेतलेला मास्तर उरला. मास्तराच्या गणितात येणं कमी झालं म्हणजे रोकड आली. दुसरं काही होतच नाही.

आणि शिल्लक जुळली होती. जुळणारच होती. येणाऱ्या बाजूला चौतीस जास्त, जाणाऱ्या बाजूलाही चौतीस जास्त. वजाबाकीत दोन्ही मेले.

"साहेब, चूक माझी आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. त्याच टेबलावर आकडे दुरुस्त केले. गिऱ्हाइकांकडून एकशे शहाण्णव, माल देणाऱ्यांना एकशे शहाऐंशी. धंद्यातून तेच उणे सात, शेवटी तीच तीन लाखांची रोकड.

साहेबानं ते वाचलं. "चार दिवसांपूर्वी दोनशे तीस होते. आज माझा आकडा तुम्हाला कळल्यावर एकशे शहाण्णव झाले. आणि शिल्लक दोन्ही वेळा जुळली." त्याच्या आवाजात चीड नव्हती. "पहिल्याच कागदावर खाली दोन ओळी असत्या, की चौतीस लाख परस्पर वळते केलेत, तर मी विचारलंसुद्धा नसतं. आता मला मिलवाल्यांचं लेखी लागेल. त्यांच्या वहीच्या उताऱ्यासकट."

बाहेर पायऱ्यांवर शेषेराव म्हणाला, "लेखी काय, निवृत्तीअप्पा आत्ता देतील. त्यात काय हाय!"

चौतीसपैकी बावीस लाख एकट्या निवृत्तीअप्पाचे होते. मुरूडला त्याची मिल. दोघं एस.टी.नं गेले. अप्पानं पंखा लावला, ताक मागवलं, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"वळतं केलं की. मी कधी न्हाई म्हणलो?"

"तेवढं कागदावर द्या अप्पा," सर म्हणाले. "आणि वहीचा उतारा."

"ते न्हाई जमणार."

"का पण?"

"मास्तर, तुमच्या वहीत पक्कं हाय. माझ्या वहीत तुमच्या गोण्याच न्हाईत. अन् तेवढी डाळबी न्हाई. विक्रीकरवाला हितं बसलाय तिकडच्या गल्लीत. तुम्हाला कागद दिला की तो माझ्या छातीवर बसंल."

"मग बँकेत येऊन तोंडी सांगा."

"तोंडानं हज्जारदा सांगतो. देवाच्या पाया पडून सांगतो. चला, आत्ता चला." अप्पा खरोखरच उठला, चप्पल शोधू लागला. मग थांबला. "पण तुमचा साहेब तोंडाचं घेतो का?"



"शेषेराव," अप्पा पुन्हा बसत म्हणाला, "आजवर कुणी विचारलं न्हवतं बाबा. ह्यो चौतीस लाखांचा आकडा बँकेला दिला कुणी?"

शेषेराव ताकाच्या भांड्यात बघत राहिला. सर म्हणाले, "मी."

उरलेल्या बारा लाखांचे मिलवाले लातुरातच होते. एकानं लिहून दिलं, दोन लाखांचं. बाकीचे अप्पासारखेच. साहेबानं दोन लाखांचा कागद फायलीत लावला आणि वरच्या कार्यालयाला जे कळवायचं ते कळवलं. पत्र यायला फार दिवस लागले नाहीत. विक्रीचा पैसा अन्यत्र वळवल्याचा संशय. मर्यादेचं नूतनीकरण नाही. थकलेली रक्कम टप्प्याटप्प्यानं भरावी.

एवढं झाल्यावर माल कोण उधार देणार? यार्डात बातमी चहाच्या आधी पोचते. मिलवाले रोख मागू लागले. सेहेचाळीस लाखांच्या येण्यातले सोलापूरवाले लांबवू लागले. कंपनी बुडतेय म्हटल्यावर घाई कुणाला? शेड विकली, उरलेला टेम्पो विकला, मग तुळजाबाईंचे दागिने गेले. दिवाळीनंतर दुकानाचं शटर उघडलं नाही. शेवटी शेषेरावनं चुलत्याकडची जमीन विकून बँकेचं देणं फेडलं. भूकंपानं घर नेलं होतं. जमीन तेवढी राहिली होती, ती अशी गेली.

तो सरांना एक शब्द बोलला नाही. सरांना ते फार जड गेलं. एकदा ते स्वतःच त्याच्या घरी गेले. तुळजाबाईंनी दार उघडलं, बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं.

"वहिनी, माझ्यामुळं झालं."

"आता काय म्हणू सर मी?" तुळजाबाई म्हणाल्या. "जमीन हादरली तवा कुणाला बोललो न्हाई. तुम्हाला काय बोलावं?"

ते पाणी तसंच ठेवून निघाले.

बजरंगनं हॉल बायलॉजीला दिला. सरांनी फळा मागितला. भिंतीत ठोकलाय, निघणार नाही, म्हणाला. बिलकीसचा भाऊ नांदेडला होता. त्याच्या ओळखीनं तिथल्या एका मोठ्या क्लासमध्ये सरांना फीच्या खिडकीवर जागा मिळाली. नांदेडातही आता तेच वारं सुटलं होतं. नायगाव, मुदखेडकडून जीप भरभरून पोरं येत. सर काचेमागं बसत, पैसे मोजत, पावती फाडत. घेतली तेवढी रोकड, फाडल्या तेवढ्या पावत्या. काही गृहीत धरायचं नाही, बाकीचा आकडा काढायचा नाही. तिथं त्यांना कुणी सर म्हणत नसे. अकाउंट्स शिकवाल का, असं एका संचालकानं एकदा विचारलं होतं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

दोन वर्षांनी जूनमध्ये खिडकीसमोर शेषेराव उभा राहिला. सोबत मुलगी होती, पुनम, दहावीला चांगले गुण मिळवलेली. शेषेराव वाळला होता.

"सर? तुम्ही हितं?"

"हाव. तुम्ही?"

"मी निवृत्तीअप्पाकडं हाय. त्यांची डाळ विकून देतो, कमिशनवर." त्यानं खिशातून नोटा काढल्या. फीच्या निम्म्याही नव्हत्या. मग काचेच्या भोकाशी वाकून हळू आवाजात म्हणाला, "सर, तुमच्या क्लासच्या मेसला डाळ अप्पाचीच येती. क्लासकडून अप्पाचं येणं हाय. अप्पाकडून माझं कमिशन येणं हाय. बाकीची फी त्याच्यात वळती करून घ्या की. अप्पा हो म्हणलेत. तोंडी हाय, पण तुम्हाला तर म्हाईत हाय समदं."

सरांच्या पावतीपुस्तकात दोनच रकाने होते, रोख आणि डिमांड ड्राफ्ट. पण खरं कारण ते नव्हतं. आत जाऊन संचालकाला विचारता आलं असतं. मेसचा हिशेब वेगळा, क्लासचा वेगळा. पण मालक एकच होता, कदाचित त्यानं ऐकलंही असतं. तेवढ्यासाठी उठून, दार उघडून सांगावं लागलं असतं की हा माणूस खरं बोलतो, मी ओळखतो. आणि लालमहंमदच्या शब्दावर कुणी काही करावं, असं लालमहंमदलाच आता वाटत नव्हतं.

"इथं वळती चालत नाही," ते म्हणाले.

रांगेतला मागचा माणूस चुळबुळ करू लागला.

"हाव. बरोबर हाय तुमचं." शेषेरावनं नोटा पुन्हा खिशात घातल्या. "चल पुने."

"बाबा, पण आज शेवटची तारीख..."

"चल म्हणलो ना."

दोघं पायऱ्या उतरून गेले. मुलीनं एकदा वळून क्लासच्या फलकाकडं बघितलं. पुढच्या माणसानं नोटांचं पुडकं आत सरकवलं. सरांनी ते मोजलं, पावती फाडली. संध्याकाळी खिडकी बंद करताना त्यांनी रोकड पावत्यांशी ताडून पाहिली.

जुळली.